करंट रेशो सुधारला आणि रोकड संपली

हिशेबशास्त्राच्या पेपरात ताळेबंदाचा उतारा देऊन गुणोत्तरं काढायला लावणारा प्रश्न कॉमर्सच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा असतो. सूत्रं पाठ असतात, आकडेमोड जमते, तेवढे गुण पदरात पडतात. अडतं ते शेवटच्या ओळीपाशी: ‘आलेल्या गुणोत्तरांचा अर्थ लावा.’ तिथे बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच वाक्य येतं, ‘करंट रेशो २:१ या आदर्श प्रमाणापेक्षा जास्त असल्याने कंपनीची स्थिती समाधानकारक आहे.’ हे वाक्य साफ चुकीचं कसं ठरू शकतं, हे एका उदाहरणात पाहू. उदाहरण सरावासाठी रचलेलं आहे. आकडे लाख रुपयांत आणि ३१ मार्चचे आहेत.

| | गेलं वर्ष | यंदा |
|---|---|---|
| मालाचा साठा | ४० | १०५ |
| ग्राहकांकडून येणं | ५० | ८१ |
| रोख व बँक शिल्लक | ३० | ६ |
| आगाऊ भरलेला खर्च | – | ८ |
| एकूण चालू मालमत्ता | १२० | २०० |
| एकूण चालू देणी | ६० | ८० |

सोबत एवढीच माहिती: उधारीवरची विक्री ३०० वरून ३१५ झाली आणि विकलेल्या मालाची किंमत २४० वरून २५२. चालू देण्यांत बँक ओव्हरड्राफ्ट गेल्या वर्षी १० होता, यंदा २० आहे.

चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागलं की करंट रेशो मिळतो. गेल्या वर्षी तो २ होता, यंदा २.५ झाला. वाढ दिसली की विद्यार्थी ‘सुधारणा’ लिहून मोकळा होतो. आता क्विक रेशो काढा. त्यात साठा आणि आगाऊ खर्च धरायचे नाहीत, कारण भरून टाकलेल्या विम्याच्या हप्त्यातून कुणाचं देणं भागत नाही आणि साठा आधी विकला जावा लागतो. गेल्या वर्षी ८० भागिले ६०, म्हणजे १.३३. यंदा ८७ भागिले ८०, म्हणजे साधारण १.०९. एक गुणोत्तर वर गेलं, दुसरं खाली आलं. दोन्ही आपापल्या ‘आदर्श’ प्रमाणाच्या वरच आहेत, म्हणून पाठ केलेल्या वाक्यात या विसंगतीला जागाच नसते. खरं तर भाष्य सुरू व्हायला हवं ते इथूनच. (काही पुस्तकं क्विक रेशो काढताना चालू देण्यांतून ओव्हरड्राफ्ट वगळतात. तसं केलं तर १.६ वरून १.४५ येतं. घसरण कायम राहते. कोणती पद्धत धरली हे मात्र उत्तरात लिहावं.)

ही तफावत साठ्यात आहे. विकलेल्या मालाची किंमत पाच टक्के वाढली, पण गोदामातला माल अडीच पटीहून जास्त झाला. साठ्याला विकलेल्या मालाच्या किमतीने भागून ३६५ ने गुणलं, तर गेल्या वर्षीचा साठा ६१ दिवसांच्या विक्रीला पुरणारा होता, यंदाचा १५२ दिवसांना पुरेल. येण्यांचं तसंच: ग्राहक ६१ दिवसांत पैसे देत होते, ते आता ९४ दिवस लावतात. पुस्तकी सूत्रात सरासरी साठा असतो हे खरं. पण इथे गेल्या वर्षीचा सुरुवातीचा साठा दिलेला नाही, म्हणून दोन्ही वर्षांना अखेरचाच साठा धरला. दोन वर्षांची तुलना करायची तर दोघांना एकच माप लावलं पाहिजे.

मग हा माल कोणाच्या पैशावर साठला? चालू मालमत्ता ८० ने वाढली, चालू देणी फक्त २० ने. उरलेले ६० कुठून आले, हे ताळेबंदाच्या वरच्या भागात सापडतं. समजा, स्थिर मालमत्ता दोन्ही वर्षी १५० आहे, राखून ठेवलेला नफा १५ ने वाढला आणि दीर्घ मुदतीचं कर्ज ५० वरून ९५ वर गेलं. म्हणजे ४५ लाखांचं नवं कर्ज यंत्रात गेलं नाही, ते न खपलेल्या मालात आणि न वसूल झालेल्या उधारीत अडकलं. करंट रेशो वाढला तो याच कारणाने. हे कर्ज चालू देण्यांत मोजलं जात नाही, पण त्यातून आलेला माल चालू मालमत्तेत मोजला जातो. इकडे बँकेतली शिल्लक ३० वरून ६ वर आली आणि ओव्हरड्राफ्ट दुप्पट झाला.

लगेच ‘कंपनी बुडते आहे’ असंही लिहू नये. रेनकोट बनवणाऱ्या कारखान्याचं गोदाम मार्चअखेर भरलेलंच असतं, जूनमध्ये ते रिकामं होतं. पण असा हंगाम गेल्या वर्षीही होता आणि त्याच तारखेला साठा ६१ दिवसांचाच होता. त्यामुळे हंगामाचं कारण इथे पुरेसं पडत नाही. मोठी ऑर्डर हाती असेल तर गोष्ट वेगळी, ते उताऱ्यातून कळत नाही. आपल्याला काय कळत नाही हे लिहिणं हाही चांगल्या भाष्याचा भाग आहे.

ताळेबंद एकाच दिवसाचा असतो, हेही विसरू नये. समजा, या कंपनीने ३० मार्चला ग्राहकांकडून २० लाख वसूल करून लगेच पुरवठादारांना दिले असते. चालू मालमत्ता १८० आणि देणी ६० झाली असती, करंट रेशो थेट ३. साठा तेवढाच, रोकड तेवढीच, कर्ज तेवढंच. गुणोत्तर एकपेक्षा जास्त असताना दोन्ही बाजूंतून सारखी रक्कम वजा केली की ते वाढतंच. वर्षअखेरीला आकडे सजवण्याचा हा जुना मार्ग आहे.

२:१ हे प्रमाणही दगडावरची रेघ नाही. खेळत्या भांडवलासाठी बँकांनी कर्ज कसं द्यावं हे सुचवणाऱ्या टंडन समितीच्या १९७५ च्या अहवालातल्या दुसऱ्या पद्धतीनुसार किमान करंट रेशो १.३३ येतो, आणि बँकांनी पुढे बराच काळ हाच आकडा वापरला. ज्या दुकानात रोखीने विक्री होते आणि माल उधारीवर येतो, ते एकपेक्षा कमी गुणोत्तरावरही सुरळीत चालू शकतं.

आता वरच्या उताऱ्यावर पूर्ण गुण मिळवणारं भाष्य कसं असेल? माझ्या मते चार वाक्यं पुरतात: ‘करंट रेशो २ वरून २.५ झाला असला तरी क्विक रेशो १.३३ वरून १.०९ पर्यंत घसरला आहे. मालाची खपत जवळपास तेवढीच असताना साठा ६१ वरून १५२ दिवसांचा आणि वसुलीचा काळ ६१ वरून ९४ दिवसांचा झाला, म्हणून ही वाढ रोखतेतली सुधारणा मानता येत नाही. वाढीचा बराचसा पैसा दीर्घ मुदतीच्या कर्जातून आला असून रोकड ३० लाखांवरून ६ लाखांवर आली आहे. साठ्यात जुना किंवा न खपणारा माल किती आणि उधारी किती दिवसांची, हे तपासल्याशिवाय अल्प मुदतीची देणी वेळेवर भागतील असं म्हणता येणार नाही.’ पहिल्या तीन वाक्यांत आकडे आणि त्यांचा अर्थ आहे, चौथ्यात त्यांची मर्यादा आहे.

हे परीक्षेपुरतं नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार कंपन्यांना हिशेबांसोबतच्या टिपांमध्ये ११ गुणोत्तरं द्यावी लागतात, आणि एखादं गुणोत्तर मागील वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर त्याचं स्पष्टीकरणही द्यावं लागतं. आपल्या कंपनीचा करंट रेशो बरोबर २५ टक्के वाढला आहे, म्हणून त्याबद्दल एक शब्दही लिहिण्याचं बंधन तिच्यावर नसतं. साठ्याच्या उलाढालीचं प्रमाण मात्र ६ वरून २.४ वर, म्हणजे ६० टक्के घसरलं आहे. त्याचं कारण तिला द्यावंच लागेल.

शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट वाचायला मिळतो. परीक्षेआधी त्यातली ही गुणोत्तरांची टीप उघडा, कारणांचा रकाना झाका, आधी आपलं कारण लिहा आणि मग कंपनीचं वाचा.