८८ किलोज्यूल कुठे गेले?

बारावीतली भाची केमिस्ट्रीची वर्कशीट घेऊन बसली होती. प्रश्न एकच: एक मोल मिथेन हवेत पूर्ण जळला तर एन्थॅल्पीत किती बदल होतो? तो दोन रीतींनी काढायचा होता, आधी निर्मिती एन्थॅल्पीच्या तक्त्यावरून आणि मग बंधऊर्जेच्या तक्त्यावरून. तिची पहिली रीत उणे ८९०.३ किलोज्यूल सांगत होती आणि दुसरी उणे ६९४. तिने दोन्ही आकडेमोडी तीनदा तपासल्या होत्या. "मामा, गुणाकार-बेरीज सगळं बरोबर आहे, मग उत्तर वेगळं का?"

तिची आकडेमोड खरंच बरोबर होती. चूक होती ती तक्त्यातून आकडे उचलण्यात, आणि तीही दोन ठिकाणी.

मिथेन म्हणजे शहरात पाइपातून घरी येणाऱ्या गॅसचा मुख्य घटक, आणि गोबर गॅसमधला जळणारा भागही तोच. त्याची अभिक्रिया अशी:

```
CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O
```

निर्मिती एन्थॅल्पी म्हणजे एखादं संयुग त्याच्या मूलद्रव्यांपासून बनताना एन्थॅल्पीत होणारा बदल. मूलद्रव्यं त्यांच्या नेहमीच्या रूपात असतील तर त्यांचा आकडा शून्य धरतात, म्हणून ऑक्सिजन इथे शून्य. मिथेनचा आकडा उणे ७४.८, कार्बन डायऑक्साइडचा उणे ३९३.५ आणि द्रवरूप पाण्याचा उणे २८५.८, सगळे एका मोलला किलोज्यूलमध्ये. उत्पादितांच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करायची. एक मोल कार्बन डायऑक्साइड आणि दोन मोल पाणी मिळून उणे ९६५.१. त्यातून उणे ७४.८ वजा केले की उरतात उणे ८९०.३. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की ही उष्णता बाहेर पडली.

असा हिशेब चालतो तो जर्मेन हेस यांच्यामुळे. जिनिव्हात जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये काम केलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये दाखवलं की सुरुवात आणि शेवट तेच असतील तर वाटेत किती पायऱ्या आहेत याने एकूण उष्णता बदलत नाही. म्हणून मिथेन आधी कार्बन आणि हायड्रोजनमध्ये मोडला आणि मग त्यांपासून नवे पदार्थ बनवले, अशी कागदावरची वाट धरली तरी चालतं. ज्योतीत रेणू त्या वाटेने जात नाहीत, तरीही उत्तर खरं येतं.

दुसरी रीतही अशीच कागदावरची वाट आहे, फक्त ती आणखी खोलवर जाते. इथे सगळे रेणू थेट सुट्या अणूंपर्यंत मोडायचे आणि अणूंमधून नवे रेणू जोडायचे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती बाहेर पडते. "बंध तुटला की ऊर्जा मिळते" असं अनेक मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. ते काढून टाकल्याशिवाय या रीतीत पाऊल टाकूच नये. ऑक्सिजनही इथे शून्य नसतो, कारण त्याचा दुहेरी बंध तोडायला ४९८ किलोज्यूल लागतात.

मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती चिन्हापाशी. पहिल्या रीतीत उत्पादितांतून अभिक्रियाकारक वजा, आणि दुसरीत तुटलेल्या बंधांतून जुळलेले बंध वजा, म्हणजे बरोबर उलटा क्रम. हे पाठ करण्यापेक्षा असं पाहावं. दोन गावांच्या उंचीतला फरक काढताना आपण समुद्रसपाटीपासूनची उंची घेतो. पण एखाद्या विहिरीत पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कुठे असतं हे सांगताना आपण काठापासून खाली किती हात ते मोजतो. खोली खालच्या दिशेला मोजली जाते, म्हणून पातळीतला बदल काढताना वजाबाकी उलटी करावी लागते. बंधऊर्जा ही अशी काठापासूनची खोली आहे. काठ म्हणजे सुटे अणू, आणि बंध जितका मजबूत तितकं पाणी खोल.

आता भाचीचा हिशेब. मिथेनमधले चार कार्बन-हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४१३ प्रमाणे १६५२. ऑक्सिजनचे दोन बंध ९९६. तोडायला एकूण २६४८. जुळले ते पाण्याचे चार ऑक्सिजन-हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४६३ प्रमाणे १८५२, आणि कार्बन डायऑक्साइडमधले दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध. या शेवटच्या बंधासाठी तिने तक्त्यातला सर्वसाधारण आकडा, ७४५, घेतला होता. तिथेच घसरण झाली. तो आकडा अनेक वेगवेगळ्या रेणूंमधल्या या बंधाची सरासरी आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र हा बंध त्याहून मजबूत, ७९९ किलोज्यूलचा असतो, आणि चांगल्या तक्त्यात तो वेगळा दिलेला असतो. दोन बंधांत मिळून १०८ किलोज्यूलची तूट. ती भरली की जुळलेल्या बंधांची बेरीज ३४५० होते आणि उत्तर येतं उणे ८०२.

सरासरीचा हा त्रास मिथेनलाही चुकलेला नाही. त्यातला पहिला हायड्रोजन सोडवायला सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात आणि शेवटचा सुमारे ३३८ मध्ये सुटतो. चारही मिळून सरासरी ४१६ च्या आसपास येते, आणि तक्त्यातला ४१३ हा तर इतर रेणूंनाही सामावून घेणारा आकडा. म्हणून बंधऊर्जेच्या उत्तराला मी अंदाजच मानतो. थोडाफार फरक आला तर तो तक्त्याचा. पण शंभराच्या घरात फरक आला की एखादा बंध चुकीचा धरला असं समजून शोध घ्यावा.

तरीही ८९० आणि ८०२ मध्ये ८८ किलोज्यूलचं अंतर उरलंच होतं. भाची म्हणाली, "हाही सरासरीमुळेच असेल." मी तिला अभिक्रियेतल्या पाण्यापुढे त्याची अवस्था लिहायला सांगितली. बंधऊर्जेचा हिशेब फक्त वायूंचा असतो. त्यात पाणी म्हणजे एकेकट्या रेणूंची वाफ, कारण द्रवात रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि ती धरपकड या तक्त्यात नसते. पहिल्या रीतीत मात्र तिने द्रवाचा आकडा घेतला होता. वाफेचा आकडा उणे २४१.८ आहे. तो घेऊन पुन्हा मांडलं तर उणे ४८३.६ आणि उणे ३९३.५ मिळून उणे ८७७.१, आणि मिथेनचे ७४.८ वळते केले की उणे ८०२.३. एका मोल पाण्यामागे ४४ किलोज्यूल, दोन मोलांचे ८८. एक मोल वाफेचं पाणी होताना २५ अंशांना एवढीच उष्णता बाहेर पडते.

हे ८८ किलोज्यूल स्वयंपाकघरात दिसतात. मी तिला आत नेलं, पातेल्यात थंड पाणी भरलं, पातेल्याचं बूड कोरडं पुसून घेतलं आणि ते पेटत्या शेगडीवर ठेवलं. थोड्या वेळाने उचलून दाखवलं, तर बुडाशी बारीक थेंब जमलेले. पातेलं कुठे गळत नव्हतं. मिथेनमधल्या हायड्रोजनचं झालेलं पाणी थंड धातूला लागून द्रव झालं होतं आणि स्वतःची उष्णता पातेल्याला देऊन गेलं होतं. पातेलं परत ठेवलं. बूड तापलं तसे ते थेंब उडून गेले, आणि दिलेली उष्णता सोबत घेऊन गेले. भाचीने वर्कशीट पुढे ओढली आणि दोन्ही हिशेबांत पाण्यापुढे कंसात 'वायू' असं लिहिलं.