मंद आचेवर कचोरी : पारीतले पाणी आणि तेलाची उष्णता

राजस्थानात मुगाच्या सोललेल्या डाळीला ‘मोगर’ म्हणतात आणि जोधपूरची मोगर कचोरी त्याच डाळीच्या सारणाची असते. मैद्याची पारी, आत मसालेदार कोरडे सारण, वरचे कवच बोटाने दाबताच चुरा होणारे. अशा खुसखुशीत कचोरीला तिकडे ‘खस्ता’ हा शब्द आहे. पुरीसारखी ती कडकडीत तेलात टाकली तर दोन मिनिटांत लाल होते, पण खस्ता होत नाही, बऱ्याचदा फुटतेही. मंद ते मध्यम आचेवर पंधरा-अठरा मिनिटे तळणे हा इथे सोशिकपणाचा नव्हे, पारीतले पाणी बाहेर काढण्याचा प्रश्न आहे.

एका वेळच्या पिठाचा हिशोब मांडला की ही गोष्ट स्पष्ट होते. 250 ग्रॅम मैद्यात 60 ग्रॅम तूप किंवा तेलाचे मोहन, अर्धा चमचा मीठ आणि सुमारे 115 मिलिलिटर पाणी घालून मऊ पीठ भिजवले तर त्यातून 35 ग्रॅमचे बारा उंडे होतात. प्रत्येक उंड्याच्या वाट्याला नुसते वरून घातलेले पाणीच साडेनऊ ग्रॅम येते. एक ग्रॅम पाणी उकळून वाफ झाले की ती जवळपास पावणेदोन लिटर जागा व्यापते. म्हणजे एका कचोरीच्या पारीत पंधरा लिटरच्या वर वाफ दडलेली असते आणि कचोरीच्या पोकळीत तर पेलाभर वाफसुद्धा मावत नाही. कचोरी फुगायला या वाफेचा अगदी लहानसा अंश पुरतो. बाकी सगळी पारीतून झिरपत तेलात निघून जायला हवी, आणि तिला तेवढा वेळ मिळायला हवा.

तेल खूप तापलेले असले की पारीचा बाहेरचा पातळ थर काही क्षणांत कोरडा होऊन आवळतो, तर आतला थर अजून कच्च्या कणकेसारखा ओला असतो. तिथले पाणी उकळू लागते, वाफेला बाहेरची वाट मिळत नाही, आणि ताठ झालेले कवच ताणले जात नाही. मग ते जिथे सर्वांत कमजोर असेल तिथे तडकते. मंद तेलात क्रम उलटा असतो. पारी बराच वेळ लवचीक राहते, आतल्या वाफेने हळूहळू ताणली जाऊन फुगते, आणि फुगलेल्या आकारातच वाळत वाळत कडक होते. पदार्थात भरपूर पाणी असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडकून राहते, त्यामुळे पाणी गेल्याखेरीज तांबूस रंगही चढत नाही. मंद तळणीत रंग शेवटी येतो तो यामुळे, आणि लवकर आलेला रंग हा कचोरीच्या बाबतीत वाईट शकुन समजावा.

मोहन हा या व्यवहारातला दुसरा भागीदार. मैद्याला तूप नीट चोळले की पिठाच्या कणांवर स्निग्ध थर बसतो, पाणी घातल्यावर चिवट धागे फार लांब होत नाहीत, आणि तळल्यावर कवच चामट न होता ठिसूळ होते. मोहन चोळलेला मैदा मुठीत दाबला तर मूठ टिकावी आणि बोटाने टोचली की मोडावी. मोहन कमी पडले तर कितीही धीराने तळले तरी पारी कडक होते, खस्ता होत नाही. फार जास्त झाले तर मंद तेलात पारी विरघळल्यासारखी सुटू लागते. पीठ पुरीसारखे घट्ट मळायचे नसते. मऊ भिजवून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवले की ते न तडकता थापले जाते.

सारणाची कसोटी एकच, ते कोरडे असावे. 100 ग्रॅम मुगाची डाळ दोन-तीन तास भिजवून पूर्ण निथळायची आणि भरड वाटायची. दोन-तीन मोठे चमचे तेलात हिंग, भरडलेले धणे व बडीशेप, मग दोन चमचे बेसन परतून त्यात ही डाळ घालायची. तिखट, मीठ, आमचूर गेल्यावर मंद आचेवर ती मोकळी होईपर्यंत परतत राहायचे. चमच्याला चिकटत नाही, पण मुठीत दाबली तर गोळा होतो, एवढी ती सुटी झाली पाहिजे. यात राहिलेली ओल थेट पोकळीत वाफ होते आणि तिला बाहेर पडायला सबंध पारी ओलांडावी लागते. सारण गरम भरले तरी तोच धोका, कारण त्याची वाफ पारीला आतून भिजवून मऊ करते. अख्खे धणे किंवा डाळीचा टोकदार दाणा थापताना पारीला आतून भोक पाडतो, म्हणून भरड म्हणजे खरोखर भरडच हवी.

सारणाचा पंधरा ग्रॅमचा गोळा उंड्याच्या वाटीत ठेवून कडा वर गोळा करायच्या, चिमटीत राहिलेले जादा पीठ काढून टाकायचे आणि सांधा बोटाने सपाट करायचा. जादा पिठाची गाठ तशीच राहिली तर ती आतून कच्ची राहते. सांध्याला तेलाचा किंवा कोरड्या मैद्याचा हात लागला तर तो चिकटत नाही आणि तळणीत उकलतो. कचोरी लाटण्यापेक्षा तळहाताने हलके दाबून थापणे बरे. लाटण्याने सारण कडेला सरकते आणि मधला भाग कागदासारखा पातळ होतो. थापलेल्या कचोऱ्या वाऱ्यावर ठेवू नयेत. वर साय धरली की ती तेलात भेगाळते.

आता कढई. चार कचोऱ्यांच्या घाण्याला लिटरभर तेल असावे, म्हणजे त्या पडल्यावर उष्णता एकदम उतरत नाही. सुरुवातीला तेल 130 अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. तापमापक नसेल तर पिठाची लहान गोळी टाकून पाहावी. पुरीच्या तेलात ती लगेच उसळून वर येते. कचोरीच्या तेलात ती तळाशी बसते, तिच्याभोवती बारीक बुडबुडे सुटतात आणि थोड्या वेळाने, रंग न बदलता, सावकाश तरंगते. गोळी नुसती पडून राहिली आणि बुडबुडेच आले नाहीत तर तेल अजून थंड आहे.

कचोरी सोडल्यावर तीही तळाशी जाते, कारण ओल्या पिठाचा गोळा तेलापेक्षा जड असतो. पाणी निघू लागले आणि आत वाफेची पोकळी झाली की ती हलकी होऊन तीन-चार मिनिटांत आपोआप वर येते. तोवर तिला झारा लावायचा नाही. या वेळी पारी सर्वांत मऊ असते आणि जरासे खरचटले तरी भोक पडते. तळाशी चिकटेल असे वाटले तर कढईच्या कडेने झारा फिरवून तेल हलते ठेवावे. वर आल्यावर तिच्या माथ्यावर झाऱ्याने थोडे थोडे तेल उडवावे, म्हणजे वरची बाजूही फुगते, आणि मग अलगद उलटावी. पुढची आठ-दहा मिनिटे आच मंदच ठेवून दोन-तीनदा उलटसुलट करायचे. सुरुवातीचा दाट फेस या काळात विरळ होत जातो. फेस म्हणजे निघणारे पाणीच असल्याने त्याचे ओसरणे हे घड्याळापेक्षा भरवशाचे. बुडबुडे तुरळक झाले आणि रंग फिकट बदामी दिसला की आच मध्यम करून तेल 150 अंशांवर आणायचे. शेवटच्या तीन-चार मिनिटांत रंग खरपूस होतो आणि पारीने प्यालेले तेलही काहीसे सुटते. झाऱ्यावर घेऊन टिचकी मारली तर कोरडा, पोकळ आवाज आला पाहिजे.

घरच्या तळणीत खरी चूक बहुधा दुसऱ्या घाण्यात होते. पहिला घाणा काढला तेव्हा तेल 150 अंशांवर असते आणि त्यातच नव्या कच्च्या कचोऱ्या पडतात. त्यांच्यावर लगेच बारीक फोड उठतात, मिनिटभरात डाग धरतात, एखादी फुटते. दोन घाण्यांच्या मध्ये आच बंद करून पाच-सात मिनिटे थांबावे आणि पिठाची गोळी पुन्हा टाकून पाहावी.

बिघडलेली कचोरी आपले कारण स्वतःच सांगते. सांध्यावर उकलली असेल तर दोष वळण्याचा. मधोमध फुटली असेल तर सारणाच्या ओलीचा किंवा पातळ झालेल्या पारीचा. फुगलीच नाही आणि मोडल्यावर आत तेल साचलेले दिसले तर सुईएवढे भोक होते. वाफ तिथून निसटली आणि तिच्या जागी तेल शिरले. वर फोड म्हणजे सुरुवातीचे तेल तापलेले. पांढुरकी आणि तेलकट असेल तर उलट चूक. तेल इतके थंड होते की वाफ जोराने निघालीच नाही आणि पारी तेल पीत बसली. काढताना कडक असलेली कचोरी तासाभरात नरम पडत असेल, तर रंग पाण्याच्या आधी आला होता. आतल्या थरातली ओल निवताना कवचात उतरली. फुटलेली कचोरी मात्र कढईत ठेवू नये. सांडलेले सारण काळे पडून बाकीच्यांना चिकटते, म्हणून ते बारीक जाळीच्या झाऱ्याने लगेच गाळून घ्यावे.

तळलेल्या कचोऱ्या जाळीवर एकेक मांडून निवू द्याव्यात. गरम असताना डब्यात रचल्या किंवा झाकल्या तर उरलीसुरली वाफ पुन्हा कवचातच मुरते आणि सगळी मेहनत ओली होते.

हा नियम खस्ता कचोरीपुरताच आहे. बनारसची सकाळची कचोरी उडदाच्या वाटलेल्या डाळीची असली तरी ती पुरीच्या जातीची. लाटून, तापलेल्या तेलात फुगवून, भाजीबरोबर गरमच खायची. बंगालची हिंगाची कचोरीही त्याच पंथातली. त्यांच्या पारीत मोहन कमी असते, त्या मऊच हव्या असतात आणि मंद तेलात टाकल्या तर तेलाने थबथबतात. मोहन घातलेल्या पारीची, बराच वेळ टिकायला हवी अशी कचोरी मात्र, मग ती जोधपूरची असो की घरी डब्यात भरायची, सावकाशच तळावी लागते.