वजन वाढतंय, रेघ मात्र उतरतेय

भाचीने रात्री साडेदहाला फोटो पाठवला. बाळाच्या फाइलमधलं वाढीच्या तक्त्याचं पान, पिवळ्या दिव्याखाली, थोडं तिरकं काढलेलं. वर जाणाऱ्या पाच वक्र रेषा, त्यांच्यामधून पेनाने काढलेले तीन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. खाली प्रश्न: "मामा, वजन वाढलंय म्हणतात, मग रेघ खाली का जातेय?"

बालरोगतज्ज्ञ म्हणून असे तक्ते मी आयुष्यभर भरत आलो, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल.

आधी त्या फोटोबद्दल. पानाची उजवी कड कापली गेली होती, आणि कुठली रेषा कितवी हे आकडे नेमके त्याच कडेला छापलेले असतात. शिवाय फोन तिरका धरला की जवळच्या बाजूचे चौकोन मोठे दिसतात, लांबचे आक्रसतात, आणि रेघेचा उतार आहे त्याहून तीव्र किंवा सौम्य भासतो. पेनाचा जाड ठिपका शंभरेक ग्रॅम सहज गिळतो. म्हणून मी तिला म्हटलं, चित्र राहू दे, आकडे सांग. तक्ता मुलींचाच आहे ना, तेही वरच्या मथळ्यात बघ. मुलीचं वजन मुलांच्या तक्त्यावर मांडलं, तर ठिपका उगाच खाली पडतो.

तक्ता मुलींचाच होता. सहाव्या महिन्यात 7.3 किलो, नवव्यात 7.7, बाराव्यात 7.9.

महाराष्ट्रातल्या घराघरांत सीईटीच्या निकालामुळे पर्सेंटाइल हा शब्द पोचला आहे, तोच इथे आहे. एकाच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे रांगेत उभ्या केल्या, तर पन्नासाव्या रेषेवरची मुलगी बरोबर मध्ये येते. पंधराव्या रेषेवरचीपेक्षा पंधरा मुली हलक्या आणि पंच्याऐंशी जड. हे गुण नव्हेत. पंधरावी मुलगी नापास नसते. शंभरात कुणीतरी पंधरावं असणारच, आणि जन्मभर त्याच जागी राहून ती ठणठणीत असू शकते.

ही रांग आली कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली साधारण साडेआठ हजार मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध मिळणारी, आई धूम्रपान न करणारी, पोट भरलेल्या घरातली मुलं मुद्दाम निवडली होती. हाती आलेला निष्कर्ष मला अजूनही थक्क करतो. दिल्लीची आणि ऑस्लोची बाळं जवळपास सारख्याच वेगाने लांब होत होती. उंचीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांतल्या फरकाचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. पहिल्या पाच वर्षांत, पोषण नीट असेल तर, बाळाच्या हाडांना आपण कुठल्या देशात आहोत याचा फारसा पत्ता नसतो.

आता भाचीचा प्रश्न. सहा महिन्यांच्या मुलींच्या रांगेत मधली मुलगी 7.3 किलोची असते. म्हणजे तेव्हा आमची छोटी बरोबर मध्ये उभी होती. वर्षाच्या वयाला मधली मुलगी जवळपास 8.9 किलोची होते. मधल्या सहा महिन्यांत रांग दीड किलोहून थोडी जास्त पुढे सरकली, छोटी फक्त 600 ग्रॅम. ती मागे गेली नाही. बाकीच्या तिच्यापुढे निघून गेल्या. धावत्या लोकलच्या प्लॅटफॉर्मवर आपण हळू चाललो, तर आपण पुढेच जात असतो, पण डबा सुटतो. वर्षाच्या वयाला 7.9 किलो म्हणजे नेमकी पंधरावी रेषा.

गंमत अशी की त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी तिला तपासलं असतं, तर म्हटलं असतं, छान, रेषांच्या आतच आहे. एकटा ठिपका खोटं बोलत नाही, पण फार थोडं बोलतो. जे काही कळतं ते दोन ठिपक्यांमधल्या रेघेतून.

मग रेषा ओलांडली की घाबरायचं का? इथे वय बघावं लागतं. जन्माच्या वेळचं वजन मुख्यतः आईच्या गर्भाशयाने ठरवलेलं असतं, पुढची वाढ आईवडील दोघांच्या वारशाने. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत कितीतरी निरोगी मुलं आपली खरी जागा शोधत वर किंवा खाली सरकतात, आणि मग तिथे स्थिरावतात. अशा मुलाची लांबीही वजनाबरोबरच हलते, आणि मूल खेळतं, हसतं. किती रेषा ओलांडल्या हे मोजतानाही सावध राहावं, कारण सगळ्या तक्त्यांवर रेषा सारख्या नसतात. फोटोतल्या तक्त्यावर 3, 15, 50, 85 आणि 97 अशा पाच. भारतीय बालरोग संघटनेच्या 2015 च्या, पाच वर्षांपुढच्या मुलांच्या तक्त्यावर मात्र 3, 10, 25, 50, 75, 90, 97. पन्नासवरून पंधरावर घसरणं पहिल्यावर एकच पायरी दिसते, दुसऱ्यावर दीडेक.

खरा उलगडा होतो तो वजनाचा आणि लांबीचा तक्ता शेजारी ठेवल्यावर. मी तिला लांबी विचारली. वर्षाला 74 सेंटिमीटर, म्हणजे मुलींच्या रांगेत अगदी मध्ये. सहाव्या महिन्यातही मध्येच होती. वजन घसरलंय, लांबी टिकलीय. शरीराला अन्न कमी पडलं की ते आधी चरबी आणि स्नायू खर्च करतं. हाडांची वाढ मागाहून मंदावते, डोक्याचा घेर सगळ्यात शेवटी. म्हणजे हे प्रकरण फार जुनं नव्हतं. उलट, वजन बरं असून उंचीच रेषा उतरत गेली असती, तर मी थायरॉइड किंवा वाढीच्या संप्रेरकाकडे बोट दाखवलं असतं. आणि डोक्याचा घेर भराभर वरच्या रेषा ओलांडू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

मग खाण्याची चौकशी केली. सहाव्या महिन्यापासून वरचं खाणं सुरू होतं, पण ते होतं वरणाचं पाणी आणि तांदळाची पातळ पेज. त्यातच आठव्या आणि अकराव्या महिन्यात जुलाब, आणि तेव्हा "पोटाला आराम" म्हणून तेही बंद. वरणाचं पाणी म्हणजे वरण नव्हे. बाळाचं पोट लहान असतं, पाण्याने भरतं आणि उष्मांक मिळत नाहीत. चमचा कलता केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट खाणं हवं: मऊ वरणभात, त्यावर तूप, कुस्करलेलं केळं, चालत असेल तर अंडं. दिवसातून तीन-चार वेळा, अंगावरचं दूध चालू ठेवून. आजारपणातही खाणं थांबवायचं नाही. तिच्या डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासून दुसरं कारण नाही ना, याची खात्री करून घेतली.

तीन महिन्यांनी दुसरा फोटो आला. वजन 9 किलो. तेवढ्या काळात मधल्या मुलीने 700 ग्रॅमच्या आसपास कमावले होते, छोटीने 1100. ठिपका पंधराव्या आणि पन्नासाव्या रेषेच्या जवळपास मध्यावर होता, आणि या वेळी पानाची उजवी कडही फोटोत आली होती.