चव्वेचाळिसाव्या वर्षी कंपनी सोडताना : सतरा वर्षांतलं काय राहतं, काय जातं

मुरबाडच्या एमआयडीसीत पंधरा-वीस वर्षं काम केलेले बरेच लोक आपल्या समाजात आहेत. शहापूर, किन्हवली, वाशिंद, आसनगावकडून रोज बाईकवर जाणारे. त्यातल्या काहींना आता चाळिशी ओलांडल्यावर दुसरं काम शिकायचं असतं. कुणाला सोलरची फिटिंग, कुणाला एसी रिपेरिंग, कुणाला शेतीच्या पंपांचं काम. घरी विषय काढला की अम्मी म्हणतात, "लगी-लगाई नौकरी छोड़ रहा है?" आणि बायको म्हणते, "सतरा साल की सीनियॉरिटी मिट्टी में मिल जाएगी."

ही भीती उगाच नाही. पण "सीनियॉरिटी" या एका शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात. काही कायद्याने तुमच्या नावावर जमा झालेल्या असतात आणि राजीनामा दिला तरी राहतात. काही खरोखर जातात. मी शिक्षक असल्यामुळे लोक कागद वाचून घ्यायला येतात, आणि बहुतेक वेळा दिसतं ते हे की जे जात नाही त्याची घरात चिंता चालते, आणि जे जातं त्याचा कुणी विचारच केलेला नसतो.

एक उदाहरण धरू. माणूस ४४ वर्षांचा. कंपनीत १ जुलै २००८ ला कायम कामगार म्हणून लागला. एकूण पगार २०,००० रुपये, त्यातलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. आता शहापुरात सोलर बसवणाऱ्या एका लहान फर्ममध्ये १४,००० वर शिकाऊ म्हणून जायचं म्हणतो. म्हणजे घरात दरमहा ६,००० कमी येणार.

पहिली गोष्ट ग्रॅच्युइटी. राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी मिळत नाही असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सलग पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर स्वतःहून सोडलं तरी ती मिळते. हिशोब असा : शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १३,००० ला २६ ने भागलं की ५०० रुपये रोज. पंधरा रोजाचे ७,५०० एका वर्षाचे. सतरा वर्षांचे झाले १,२७,५००.

इथे तारखेला महत्त्व आहे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. हा माणूस ३१ डिसेंबर २०२५ ला सुटला असता तर बरोबर साडेसतरा वर्षं झाली असती, जास्त नाही, म्हणून सतराच धरली असती. ३१ जानेवारी २०२६ ला सुटला तर अठरा धरतात आणि रक्कम १,३५,००० होते. एका महिन्याने साडेसात हजारांचा फरक. ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

आता घरातल्या सहा हजारांच्या खड्ड्याकडे बघा. १,३५,००० ला ६,००० ने भागलं तर साडेबावीस महिने होतात. म्हणजे या पैशाला दुसरं काही लावलं नाही, तर जवळपास दोन वर्षं घर जुन्या पगारावरच चालू शकतं. पण "दुसरं काही लावलं नाही" हीच तर खरी अट आहे. बहुतेक घरांत ग्रॅच्युइटी आली की पत्रे बदलायचे असतात किंवा बहिणीच्या शादीचं कर्ज फेडायचं असतं. तसं असेल तर नवरा-बायकोने आधीच एकत्र बसून ठरवावं की या पैशातला किती हिस्सा दरमहा घरखर्चाला ठेवायचा. बाकी सगळ्या वादापेक्षा हे बोलणं आधी व्हायला पाहिजे.

दुसरी गोष्ट पीएफ आणि पेन्शन. तुमच्या पगारातून १२ टक्के कापले जातात, या उदाहरणात १,५६०. कंपनीही तितकेच भरते, पण तिच्या वाट्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,०८३ रुपये, पेन्शन योजनेत जातात. पासबुकात हा रकाना वेगळा दिसतो. दहा वर्षं पूर्ण झाली की पेन्शनचा हक्क पक्का होतो. मग तो पैसा काढून घेता येत नाही, पण नोकरी सोडली तरी हक्क जात नाही. ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते.

किती? शेवटच्या साठ महिन्यांच्या पेन्शनपात्र पगाराची सरासरी गुणिले वर्षं भागिले ७०. सरासरी १२,६०० धरली, तर ७० ने भागून १८०, अठरा वर्षांचे ३,२४०. इतकी पेन्शन त्याने आजच कमावली आहे. नव्या ठिकाणीही पीएफ असेल, जुनं खातं तिकडे जोडलं आणि तो ५८ पर्यंत राहिला, तर वर्षं ३२ होतात. वीसहून जास्त असल्यामुळे दोन वर्षं वाढवून मिळतात, म्हणजे ३४. तेव्हाची सरासरी १४,००० असेल तर पेन्शन ६,८००. म्हणून सतरा वर्षं मातीत जातात का, याचं उत्तर नव्या मालकाकडे पीएफ आहे की नाही यावर अवलंबून आहे.

आणि गंमत इथेच आहे. पीएफ साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो, ग्रॅच्युइटी दहाला. सहा पोरं घेऊन फिटिंग करणाऱ्या फर्मला दोन्ही लागू नाही. अशा ठिकाणी जाताना फॉर्म १०सी भरून पेन्शनचं योजना प्रमाणपत्र मागून घ्यावं. तो कागद घराच्या दस्तऐवजासारखा जपायचा; ५८ ला तोच दाखवायचा आहे. पीएफमधली जमा मात्र, अगदी गरज नसेल तर, काढून टाकू नये. त्यावरच्या व्याजाबद्दल आपल्याकडे सवाल विचारला जातो. सक्तीची कपात आणि स्वखुशीने ठेवलेली ठेव यांत अनेक उलमा फरक करतात, तेव्हा आपल्या आलिमांना आपला पासबुक दाखवूनच विचारलेलं बरं.

आता जे खरंच जातं ते. घरात याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

ईएसआयसीचं कार्ड. अम्मींच्या शुगरच्या गोळ्या त्याच्यावर येत असतील तर हा मोठा मुद्दा आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या फर्ममध्ये हे कार्ड नाही. पण ते राजीनाम्याच्या दिवशी लगेच बंद पडत नाही. ऑक्टोबर ते मार्च या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर त्या काळाच्या जोडीचा लाभकाळ पुढचा जुलै ते डिसेंबर असतो आणि औषधोपचार तोपर्यंत चालतात. आपला माणूस ३१ जानेवारी २०२६ ला सुटला तर ऑक्टोबरपासूनचे ७८ दिवस त्याचे कधीच भरलेले असतात. म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत सोय आहे. त्यानंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. पण ती यादीतल्या उपचारांसाठी दवाखान्यात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्यांचा खर्च तिच्यात येत नाही, तो घरखर्चात धरावा लागतो.

पीएफबरोबरचा विमाही जातो. कामावर असताना माणूस दगावला तर वारसांना सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. पीएफ नसलेल्या ठिकाणी हे छत्र नाही, आणि छपरावर चढून पॅनल बसवणाऱ्याला ते जास्त हवं असतं. नव्या मालकाला पगाराआधी हे विचारावं : वर चढताना बेल्ट देता का, आणि अपघात विमा कुणाच्या नावाने आहे?

तिसरं जातं ते कामगार कपातीतलं स्थान. कंपनीने माणसं कमी केली तर त्या वर्गातला शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. सतरा वर्षांचा माणूस रांगेत मागे असतो, आणि काढलंच तर प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई मिळते. राजीनामा देणाऱ्याला ही भरपाई नाही. म्हणून कंपनीत बंद पडण्याची किंवा व्हीआरएसची कुजबुज असेल, तर घाई करून राजीनामा देणं म्हणजे हातचा पैसा सोडणं.

मान हा भाग हिशोबात बसत नाही. काल ज्याच्या हाताखाली चार पोरं होती त्याला आज पंचवीस वर्षांचा मुलगा "चाचा, वो रेल पकड़ो" म्हणणार. मुलीला बघायला येणारे "लड़की के अब्बा क्या करते हैं" विचारणार. बायकोच्या मनात बहुधा हेच असतं आणि ती सीनियॉरिटीचं नाव घेते. त्याला ग्रॅच्युइटीचा आकडा दाखवून उत्तर मिळत नाही. तिच्याशी निदान एवढं ठरवता येतं की किती दिवस बघायचं. विजेच्या कामात त्याला एक खूण आहे : तारतंत्री परवाना. वायरिंगचं काम शिकताना तो परवाना मिळवण्याची वाट सुरू झाली का, आणि वर्षभराने मीटर, इन्व्हर्टर, अर्थिंगचं काम हातात येतं का, की अजून पॅनल उचलणंच चाललंय? वर्षानंतरही फक्त ओझंच उचलत असाल तर ते नवीन क्षेत्र नाही, कमी पगाराची हमाली आहे. साडेबावीस महिन्यांतले बारा तेव्हा संपलेले असतात, दुसरीकडे बघायला दहा उरतात.

वरचा सगळा हिशोब कायम कामगाराचा आहे. मुरबाडला बरेच जण ठेकेदारामार्फत असतात. गेट तेच, मशीन तेच, पण कागदावर ठेकेदार तीनदा बदललेला. पीएफच्या पासबुकात प्रत्येक मालकाचं नाव आणि मेंबर आयडी वेगळा दिसतो. तीन आयडी दिसले तर आधी ते एकाच यूएएनखाली जोडून घ्या, म्हणजे पेन्शनची वर्षं एकत्र होतील. ग्रॅच्युइटी मात्र ठेकेदार प्रत्येकाची वेगळी मोजू पाहतो आणि पाच वर्षं भरली नाहीत म्हणतो. तिथे राजीनाम्याआधीच युनियनच्या किंवा कामगार आयुक्त कार्यालयाच्या माणसाला कागद दाखवा. अशा माणसाने वरच्या एक लाख पस्तीस हजारांवर घर उभं करू नये.

शेवटी एक काम, जे आपल्या नावांमुळे आपल्यालाच जास्त भोवतं. आधारवर Mohammed, पीएफमध्ये Mohd, बँकेत Md. कुठे Shaikh, कुठे Sheikh, कुठे शेख आडनाव आधी तर कुठे शेवटी. वडिलांच्या नावात एक अक्षर इकडे-तिकडे. या एका अक्षरावर दावा परत येतो. दुरुस्तीसाठी Joint Declaration लागतं आणि त्यावर बहुतेक वेळा मालकाची मंजुरी लागते. नोकरीत असताना ऑफिसच्या बाबूला सांगून हे काम होतं. सोडून गेल्यावर त्याच गेटवर खेपा घालाव्या लागतात. जन्मतारीख आणि रुजू झाल्याची तारीखही तेव्हाच तपासा, कारण २००८ ऐवजी २०१० लागली असेल तर दोन वर्षं गेली. सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही तर दोन महिन्यांनी पोर्टलवर Mark Exit मधून स्वतः भरता येते. नॉमिनीचं नावही बघून घ्या. शादीच्या आधी लागलेल्यांच्या खात्यात आजही अब्बांचंच नाव असतं, आणि अब्बा जाऊन दहा वर्षं झालेली असतात.