पहिल्या सेशनमध्ये काय होतं?

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाणारा बहुतेकदा सल्ल्याच्या अपेक्षेने जातो. पण पहिलं सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं आणि त्यातला बराचसा वेळ समजून घेण्यातच जातो. आधी एक फॉर्म भरून घेतला जातो, मग गोपनीयतेचं बोलणं होतं. तुमचं बोलणं घरच्यांना कळवलं जात नाही. मात्र जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर ही हमी तिथे संपते. हे समुपदेशकाने आपणहून सांगायला हवं. न सांगितल्यास विचारा.

समजा, नाशिकच्या बँकेतली ३४ वर्षांची एक बाई झोप येत नाही म्हणून आली. तिला विचारलं जाईल, हे कधीपासून? तेव्हा घरात, कामावर काय बदललं? भूक कशी आहे? थायरॉइड तपासलंय का, कुठली औषधं चालू आहेत? पूर्वी असं झालं होतं का? आणि मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारलं जाईल. त्याने दचकू नये. विचारल्यामुळे असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायची वाट मोकळी होते. सगळंच पहिल्या दिवशी सांगायला हवं असं नाही. ‘यावर आज नको’ म्हटलेलं चालतं. लक्षणं तीव्र वाटली तर समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवतो, कारण औषध देणं त्याच्या हातात नसतं.

आता निवडीचं. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: काय साधायचं यावर एकमत, ते कसं साधायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. मला ही कसोटी फार उपयोगी वाटते, कारण नुसतं गोड बोलणं तिच्यात बसत नाही.

त्या बाईला पहिल्या समुपदेशकाने विसाव्या मिनिटाला सांगितलं, ‘सासूशी जुळवून घ्या, झोप येईल.’ सासूचा विषय तिने एकदाच, ओझरता काढला होता. दुसरीकडे मात्र शेवटी विचारलं गेलं, ‘तुम्हाला आधी झोप हवी, की कामाच्या ताणावर बोलायचंय? आठवडाभर झोपेची नोंद ठेवून बघूया, चालेल?’ इथे ध्येयही ठरलं आणि वाटही.

बोलताना रडू येणं, बाहेर पडल्यावर थकवा जाणवणं, यावरून माणूस चुकीचा निवडला असं ठरवू नका. जात, लग्न, लैंगिकता यांवर आपल्याला तोललं जातंय, किंवा आपलं दुःख हलक्यात काढलं जातंय असं वाटलं, तर ती अस्वस्थता वेगळी. संभ्रम असेल तर दोन-तीन सेशन देऊन पाहावीत आणि खटकलेलं तिथेच बोलून दाखवावं. त्यावर समुपदेशक ऐकून घेतो की चिडतो, यावरून बरंच कळतं.

पात्रता विचारायला संकोचू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. समुपदेशक म्हणवणाऱ्यांचं शिक्षण मात्र फार वेगवेगळं असतं. फी, सेशन रद्द केल्यास काय, तुमच्यासारख्या अडचणीवर पूर्वी काम केलंय का, हे फोनवरही विचारता येतं. आणि जुळलं नाही तर, ‘मला दुसरं कुणी सुचवाल का?’ हेही त्यांनाच विचारता येतं.