एका ओळीत मावणारा बीम

दोन टोकांवर टेकलेला सहा मीटरचा पोलादी बीम घ्या. डाव्या टोकापासून 2 मीटरवर 12 किलोन्यूटनचा एक भार आहे. शिवाय 3 ते 5 मीटरच्या पट्ट्यात दर मीटरला 6 किलोन्यूटन असा पसरलेला भार आहे. बीम किती झुकेल?

नेहमीच्या पद्धतीत भार बदलला की समीकरण बदलतं. इथे चार तुकडे, प्रत्येकाचे दोन याप्रमाणे आठ स्थिरांक, आणि ते जुळवताना परीक्षेतला अर्धा तास जातो. 1919 मध्ये केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. मॅकॉले यांनी (आपल्याला शाळेत भेटणारे मॅकॉले ते हे नव्हेत) यावर सुटसुटीत लेखनपद्धत मांडली. जर्मन गणिती क्लेब्श यांनी तशीच युक्ती 1862 मध्येच वापरली होती, पण नाव चिकटलं ते मॅकॉलेंचंच.

युक्ती कोनी कंसात आहे. `<x−2>` म्हणजे x दोनपेक्षा कमी असेल तर शून्य, जास्त असेल तर साधी वजाबाकी. म्हणजे भार येईपर्यंत त्याचं पद गप्प राहतं. आपल्या बीमच्या दोन्ही टेकूंवर 12-12 किलोन्यूटन येतात. मग डावीकडून मोजलेल्या x वरचा बेंडिंग मोमेंट असा:

```
M = 12x − 12<x−2> − 3<x−3>² + 3<x−5>²
```

शेवटचं पद पाहा. पसरलेला भार 5 मीटरवर थांबतो, पण सुरू झालेलं पद आपणहून थांबत नाही. म्हणून तो भार टोकापर्यंत गेला असं धरायचं आणि 5 पासून तेवढाच उलटा भार लावायचा. हे पद विसरलात तर x = 6 ला मोमेंट −3 येतो, आणि साध्या टेकूवर तो शून्यच हवा. पुढे जाण्याआधी ही तपासणी कराच.

आता दोनदा इंटिग्रेशन. कंस फोडायचा नाही, त्याचा घात वाढवायचा:

```
EIy = 2x³ − 2<x−2>³ − ¼<x−3>⁴ + ¼<x−5>⁴ + Ax + B
```

दोन्ही टोकांना y शून्य. x = 0 ला B शून्य मिळतो, कारण सगळे कंस गप्प असतात. x = 6 ला A = −142/3. आठऐवजी दोनच स्थिरांक! मध्यावर, x = 3 ला, `EIy = 54 − 2 − 142 = −90`. EI 10,000 किलोन्यूटन-चौरस मीटर असेल तर झुकाव 9 मिलिमीटर, खालच्या दिशेने. उतार शून्य होणारी जागा काढली तर ती 2.97 मीटरवर येते, म्हणजे सर्वांत खोल जागा जवळजवळ मध्यावरच आहे.

एकच EI सगळीकडे धरलाय, हे मात्र ध्यानात ठेवा. बीमची जाडी मध्येच बदलली तर ही ओळ जशीच्या तशी चालत नाही.