ग्लोव्हजवरचा आकडा काय सांगतो?

बॉक्सिंग ग्लोव्हजच्या मनगटपट्टीवर १०, १२, १४ किंवा १६ असा आकडा छापलेला असतो. नवीन मुलं तो बुटाच्या नंबरासारखा वाचतात आणि मोठ्या हाताला मोठा नंबर मागतात. खरं तर हा आकडा एका ग्लोव्हचं वजन औंसमध्ये सांगतो. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम; म्हणजे १६ औंसाचा एक ग्लोव्ह सुमारे साडेचारशे ग्रॅमचा. वाढलेलं वजन बहुतेक करून गादीचं, म्हणजे आतल्या फोमचं असतं.

गादी जाड असली की समोरच्याला ठोसा कमी लागतो आणि आपली बोटंही सांभाळली जातात. म्हणूनच स्पॅरिंगला जड ग्लोव्हज घालतात. व्यावसायिक लढतीत मात्र साधारणपणे ६७ किलोपर्यंतचे बॉक्सर ८ औंस वापरतात आणि त्यावरचे १०. ते आकडे पाहून सरावासाठी तसलेच ग्लोव्हज घेणं धोक्याचं आहे. सरावात समोर उभा असतो तो आपलाच जोडीदार, आणि उद्याही त्याला आपल्यासोबत उतरायचं असतं.

समजा, ५८ किलो वजनाची एक मुलगी आहे आणि तिचा हात बारीक आहे. बॅग आणि पॅडवर तिला १० किंवा १२ औंस पुरतात. हात चपळ राहतो आणि खांदे लवकर भरून येत नाहीत. स्पॅरिंगला १४ घ्यावेत. सत्तर किलोच्या पुढच्यांना सहसा १६च सांगतात, आणि काही क्लबांत सगळ्यांनाच १६ची सक्ती असते. तिथे कोचचं ऐकावं.

आता हाताचं माप. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवरून टेप फिरवून घेर मोजावा आणि तो कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा, कारण एकाच औंसात आतली जागा कंपनीगणिक वेगळी असते. या मुलीला ऐसपैस १६ औंस दिले, तर मूठ आत सरकेल आणि ठोसा बसताना मनगट मुरडेल. दुकानात जाताना हँडरॅप सोबत न्यावेत आणि ते बांधूनच ग्लोव्हज घालून पाहावेत. बोटांची टोकं आतल्या टोकाला जेमतेम टेकली, मूठ सहज वळली आणि हात हलवल्यावर आत घसरला नाही, तर माप बरोबर. हाताला मुंग्या आल्या, तर ते घट्ट आहेत. नवे ग्लोव्हज थोडे सैलावतात, हेही धरून चालावं.

दोन जोड परवडत असतील तर जरूर घ्यावेत. जड बॅगेवर रोज आपटून गाठींवरचा फोम दबतो. वजन तेवढंच राहतं, आकडाही तोच, पण गादीत दम उरत नाही. गाठींच्या जागी अंगठ्याने जोरात दाबून पाहावं. आतली मूठ सहज हाताला लागली किंवा दाबलेला खळगा लवकर भरून आला नाही, तर तो जोड स्पॅरिंगमधून काढावा.